अनुभव जास्त झाला म्हणून...

पर्यटनाचा हंगाम तोंडावर आला की मालवण, तारकर्ली, देवबाग भागातल्या हॉटेलमालकांची माणसं शोधायची धावपळ सुरू होते. आज त्यातल्याच एका पेचाविषयी बोलू.

समजा, तारकर्लीत बारा खोल्यांचं हॉटेल आहे. मालकाने जाहिरात दिली: ‘व्यवस्थापक पाहिजे, अनुभव तीन ते पाच वर्षे.’ अर्ज आला बावीस वर्षं अनुभव असलेल्या गृहस्थांचा. आधी मुंबईतली मोठी हॉटेलं, मग आखातातली नोकरी, आणि आता मुक्काम कुडाळ तालुक्यातल्या गावच्या घरी. मालकाच्या घरात पहिला प्रश्न निघतो, “एवढो मोठो माणूस आमच्याकडे कित्याक येतलो? आणि इलो तरी टिकतलो काय?”

शंका रास्त आहे. फक्त तिचं उत्तर अर्जावरच्या वर्षांच्या बेरजेत सापडत नाही. बावीसपैकी आपल्या कामाशी जुळणारी वर्षं किती, हे आधी पाहावं. मोठ्या हॉटेलात स्वागतकक्ष, स्वयंपाकघर, देखभाल, खरेदी असे विभाग वेगवेगळे असतात. आपल्याकडे व्यवस्थापकच सकाळी मासळीचा भाव विचारतो, दुपारी पाहुण्यांची नोंद करतो आणि रात्री चादरी मोजतो. म्हणून मुलाखतीत साधा प्रश्न विचारा: “रात्री अकराला पाण्याचा पंप बंद पडला, सगळ्या खोल्या भरलेल्या आहेत. काय कराल?” एक जण म्हणेल, “देखभालीच्या माणसाला कळवीन.” दुसरा म्हणेल, “आधी टाकीत पाणी किती उरलंय ते बघेन, पाहुण्यांना सांगेन आणि वायरमनला उठवीन.” दुसऱ्याची बावीस वर्षं आपल्या कामाची. पहिल्याच्या बावीसपैकी आपल्या वाट्याला फार थोडी येतील.

मग येतं टिकण्याचं. त्यांना सरळ विचारा, गावी का आलात? आईवडील थकलेत, घर बांधलंय, आता इथेच राहायचंय, असं कारण असेल तर ते माणसाला धरून ठेवतं. ‘सध्या काहीतरी हवं’ असं उत्तर आलं, तर दुसरीकडून बोलावणं येताच ते निघतील असं समजावं. पगाराचा आकडाही पहिल्याच भेटीत सांगावा. तो कामाचा असावा. त्यांच्या बावीस वर्षांचा नसावा, आणि गरज आहे म्हणून पाडलेलाही नसावा. पावसाळ्यात जलक्रीडा बंद राहतात, खोल्या ओस पडतात. त्या महिन्यांत पूर्ण पगार मिळणार की अर्धा, हेही तेव्हाच बोलून घ्यावं. हे न बोलल्यामुळे माणूस जूनमध्ये निघून जातो आणि दोष त्याच्या जास्त अनुभवावर टाकला जातो.

सरकारी नोकरीत हा वाद शिक्षणाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. नागपूरच्या जिल्हा न्यायालयातल्या भरतीत जास्त शिकलेल्यांना विचारातच घेतलं नव्हतं. 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मागितल्यापेक्षा जास्त पात्रता आहे एवढ्यावरून उमेदवाराला वगळणं तर्काला धरून नाही. पुढे 2020 मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाईपदाचं प्रकरण आलं. तिथे ‘उमेदवार पदवीधर नसावा’ अशी अट जाहिरातीतच होती. एकाने पदवी लपवून अर्ज केला होता. न्यायालयाने निकाल बँकेच्या बाजूने दिला. वरची मर्यादा आधी जाहीर केलेली असेल तर ती अट ठरते, आणि माहिती लपवणं हा वेगळा दोष आहे. खाजगी हॉटेलाला हे निकाल जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण त्यातला न्याय आपल्यालाही घेण्यासारखा आहे.

आता आपल्या गृहस्थांचं काय करायचं? पंपाच्या प्रश्नाला त्यांनी दुसरं उत्तर दिलं, गावी राहण्याचं कारण पक्कं आहे आणि पगार कबूल आहे, असं धरू. तर त्यांना घ्यावं. आधी गर्दीच्या एका शनिवार-रविवारी पैसे देऊन काम करवून पाहावं. वयाने लहान मालकाने सांगितलेलं ते ऐकतात का, पोरांना शिकवतात का, ते त्या दोन दिवसांत दिसतं. ते दोनच हंगाम राहिले, तरी खरेदीची वही, खोल्यांच्या नोंदी आणि हाताखाली तयार झालेला एक मुलगा मागे राहील. हेच गृहस्थ रात्रपाळीच्या काउंटरसाठी आले असते, तर मात्र मी नको म्हटलं असतं. त्या कामात त्यांच्या अनुभवाला जागाच नाही, आणि तिथे शिकाऊ मुलाची सोय होऊ शकते.

तेव्हा हॉटेलमालकांना एकच सांगणं. पाच वर्षांपेक्षा जास्त अनुभवाचा माणूस खरोखरच नको असेल, तर तसं जाहिरातीत स्पष्ट लिहा. लिहिलं नसेल, तर आलेल्या माणसाला आधी काम विचारा, वर्षं मागाहून मोजा.