फोनचे अपडेट: पायरी पायरीने की एकदम?

राजूरच्या आमच्या बचत गटाचा फोन अँड्रॉइड ११ वर होता. आम्हाला थेट १३ हवे होते, पण फोनने आधी १२ च दाखवले. कारण अशा अपडेटमध्ये बहुधा पूर्ण प्रणाली नसते. आधीच्या आवृत्तीत काय बदलायचे, तेवढेच येते. मागची शिल्लक मांडल्याशिवाय पुढच्या महिन्याचा हिशेब लिहिता येत नाही, तसेच हे.

म्हणून हिशेबाचे फोटो दुसऱ्या फोनवर पाठवून, चार्जिंग भरून आम्ही १२ घेतले. फोन पुन्हा सुरू झाल्यावर सेटिंगमध्ये जाऊन अपडेट परत तपासले, तेव्हा १३ आले. आयफोन मात्र त्याला चालणाऱ्या शेवटच्या आवृत्तीवर सहसा एकदम जातो. आणि पुढचे अपडेट येतच नसेल, तर कंपनीने त्या फोनला ते देणे थांबवले असावे.