सहा हप्त्यांची सरासरी: कागदावरचा भाव आणि आपला हिशेब



आमच्या गटाच्या मागच्या बैठकीत एका मैत्रिणीने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. ती म्युच्युअल फंडात दर महिन्याला एक हजार रुपये भरते. त्यालाच एसआयपी म्हणतात. कागदावर तिच्या खरेदीची सरासरी किंमत छापलेली होती. तिने मुलीला बसवून दर महिन्याचा भाव वहीत लिहिला, सगळ्या भावांची बेरीज केली, महिन्यांनी भागिले, तर आकडा वेगळाच आला. कागदावरची सरासरी काही पैशांनी कमी होती. ती म्हणाली, "बायांनो, यात आपल्याला कुणी फसवतंय का?"

प्रश्न पैशांचा होता, म्हणून आम्ही सगळ्याजणी वही घेऊन बसलो. फसवणूक नव्हती. वहीतला हिशेब चुकला नव्हता आणि कागदही खोटा नव्हता. दोघांचे प्रश्न वेगळे होते. ते कसे, हे आधी बाजारातल्या टोमॅटोवरून बघू.

समजा, तुम्ही दर आठवड्याच्या बाजारात टोमॅटोसाठी १०० रुपयेच काढता. पहिल्या आठवड्यात भाव २० रुपये किलो होता, ५ किलो आले. पुढच्या आठवड्यात भाव ५० झाला, २ किलोच आले. दोन्ही भावांची सरासरी ३५ रुपये. पण तुमची खरेदी किती? २०० रुपयांत ७ किलो. म्हणजे किलोला साधारण साडेअठ्ठावीस रुपये पडले.

तुमच्या शेजारणीने दोन्ही वेळा २ किलोच घेतले. तिचे ४० आणि १०० मिळून १४० रुपये गेले, ४ किलो आले. तिला किलोला बरोबर ३५ रुपये पडले. फरक एवढाच की शेजारणीने वजन ठरवले होते आणि तुम्ही रक्कम ठरवली होती. रक्कम ठरलेली असली की स्वस्ताईत माल आपोआप जास्त येतो आणि महागाईत कमी येतो. टोपलीत स्वस्त माल जास्त असतो, म्हणून सरासरीही स्वस्ताईकडे झुकते.

फंडात किलोच्या जागी युनिट असतात. एका युनिटचा रोजचा भाव जाहीर होतो, त्याला एनएव्ही म्हणतात. आपली खरी सरासरी काढायची रीत एकच: आजवर भरलेले सगळे पैसे भागिले आजवर मिळालेले सगळे युनिट. नुसत्या भावांची बेरीज करून भागायचे नाही. आमच्या मैत्रिणीच्या वहीत तेवढेच चुकले होते.

आता खऱ्या वर्षाचा हिशेब करू. २०२० साल आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, आठवडी बाजार बंद झाले. मुंबईचा शेअर बाजारही तेव्हा कोसळला. तिथल्या तीस मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून सेन्सेक्स हा आकडा काढतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून, सेन्सेक्स ४०,७०० असेल तर आपल्या युनिटचा भाव ४० रुपये ७० पैसे, असे धरू. खऱ्या फंडात खर्च वगैरे वजा होतो, पण चाल अशीच असते.

त्या वर्षी जानेवारीअखेर भाव होता ४०.७० रुपये. फेब्रुवारीअखेर ३८.३०. मार्चअखेर तो २९.५० वर आला. एप्रिलअखेर ३३.७०, मेअखेर ३२.४० आणि जूनअखेर ३४.९०. आता एका बाईने दर महिनाअखेर १,००० रुपये भरले असे समजा. जानेवारीत तिला साडेचोवीस युनिट मिळाले, फेब्रुवारीत सव्वीस. मार्चमध्ये मात्र जवळजवळ चौतीस आले. एप्रिलमध्ये तिसाच्या आसपास, मेमध्ये एकतिसाच्या आसपास आणि जूनमध्ये साडेअठ्ठावीस. सगळे मिळून १७३.७७ युनिट.

सहा हजार भागिले १७३.७७ केले की एका युनिटला ३४ रुपये ५३ पैसे पडतात. नुसत्या सहा भावांची सरासरी येते ३४ रुपये ९२ पैसे. म्हणजे रक्कम ठरवून घेतल्याने युनिटमागे ३९ पैसे कमी पडले. हा फरक फार मोठा नाही, हेही ध्यानात ठेवा. "एसआयपी केली की भाव निम्म्यावर येतो" असे कुणी सांगत असेल तर ते खरे नाही.

पण हिशेबाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. जूनअखेर तिच्या युनिटांची किंमत झाली ६,०६४ रुपये. बाजार अजून जानेवारीच्या भावापर्यंत पोहोचलाही नव्हता, तरी तिचे मुद्दल निघून वर ६४ रुपये आले. ज्या बाईने जानेवारीतच सहा हजार एकदम घातले, तिचे जूनअखेर ५,१४५ रुपयेच उरले होते.

आता तिसऱ्या बाईचे बघा. तिने जानेवारी-फेब्रुवारीत भरले, मार्चमध्ये भाव पडलेला बघून घाबरली आणि मार्च-एप्रिलचे हप्ते थांबवले. मे-जूनमध्ये पुन्हा सुरू केले. तिने चार हजार भरले आणि तिला ११०.२० युनिट मिळाले. तिची सरासरी पडली ३६ रुपये ३० पैसे. जूनअखेर तिच्याकडे ३,८४६ रुपये होते, म्हणजे १५४ रुपयांचा तोटा. दोघींचा फंड एकच, भावही तेच. फक्त सर्वांत स्वस्त महिन्यात ही बाजारात गेलीच नाही.

तिला नावे ठेवायची नाहीत. त्या महिन्यांत कित्येकींच्या हातात पैसाच नव्हता. म्हणून आमच्या गटात आम्ही असे ठरवले आहे, की दवाखाना आणि पेरणी यांचे पैसे आधी बँकेत किंवा गटाच्या बचतीत वेगळे ठेवायचे. हप्ता इतकाच धरायचा की जूनमध्ये बी-खत घेतल्यावरही तो खात्यातून जाईल. खात्यात पैसे नसले की हप्ता परत जातो, बँक दंड लावते आणि त्या महिन्याचे युनिटही मिळत नाहीत.

आता या सरासरीला काय जमत नाही, तेही बघू. पहिल्या बाईची मार्चअखेरची सरासरी ३५ रुपये ४७ पैसे होती आणि बाजारभाव होता २९.५०. भरलेल्या तीन हजारांचे त्या दिवशी सुमारे अडीच हजारच झाले होते. म्हणजे सरासरी कमी असली तरी भाव तिच्या खाली असेल तोवर तोटाच असतो. पुढे भाव चढला म्हणून ती निभावली. भाव चढेलच असे कुणी लिहून देत नाही. आणि जिथे भाव सतत चढत जातो, तिथे सुरुवातीलाच एकदम घातलेली रक्कम हप्त्यांपेक्षा जास्त वाढते. एकाच कंपनीचा शेअर असा दर महिन्याला घेत राहिलो आणि ती कंपनीच बुडाली, तर सरासरी कितीही खाली आली तरी उपयोग नाही.

दुसरी गोष्ट जुन्या खात्याची. समजा, दहा वर्षांत तुम्ही १,२०,००० रुपये भरले, २,००० युनिट जमले, सरासरी ६० रुपये. आता भाव पडून ४० झाला. या महिन्याच्या हजाराचे २५ युनिट आले. नवी सरासरी काढली तर ५९ रुपये ७५ पैसे. फक्त २५ पैशांनी खाली! पण जमलेल्या २,००० युनिटांची किंमत मात्र ८०,००० वर आली. नव्या खात्यात एक हप्ता सरासरी बरीच हलवतो, जुन्या खात्यात तो चिमूटभर मिठासारखा असतो. म्हणून लेकीच्या शिक्षणाला किंवा लग्नाला पैसे लागायचे असतील, तर ते आधीच्या दोन-तीन वर्षांत थोडे थोडे काढून बँकेत आणायचे. शेवटच्या दिवशी काय भाव असेल, त्यावर विसंबायचे नाही.

काढतानाची एक गोष्ट मात्र आपल्या सोयाबीनवरून पटकन कळेल. घरात सोयाबीनची पोती आहेत आणि दर वेळी १०,००० रुपयांची नड आहे. भाव ५,००० असेल तर दोन क्विंटल आडतीवर न्यावे लागतात. भाव ४,००० झाला की अडीच क्विंटल न्यावे लागतात. वीस हजार आले, साडेचार क्विंटल गेले, म्हणजे क्विंटलला ४,४४४ मिळाले. भावांची सरासरी मात्र ४,५०० आहे. घेताना ठरलेली रक्कम आपल्या बाजूने होती, विकताना तीच आपल्या विरुद्ध गेली. कारण मंदीत जास्त माल हातचा जातो. फंडातून दर महिन्याला ठरावीक रक्कम काढली तरी हेच होते. म्हणून पडत्या भावात नड भागवायला थोडे पैसे बाजूला असले तर युनिट वाचतात.

शेवटी, आपला कागद कसा तपासायचा ते सांगतो. एक हप्ता निवडा. एक हजारावर ५ पैसे मुद्रांक शुल्क कापले जाते, म्हणून ९९९ रुपये ९५ पैसे धरा. त्याला त्या ओळीतल्या भावाने भागा. छापलेले युनिट यायला हवेत. भाव मात्र बँकेतून पैसे गेल्याच्या तारखेचा नसतो, फंडाकडे पैसे पोहोचले त्या दिवसाचा असतो. एक-दोन दिवसांचा फरक दिसला तर घाबरू नका. मग सगळे हप्ते जोडा, सगळे युनिट जोडा आणि भागा. मध्ये काही युनिट काढले नसतील, तर छापलेली सरासरी जुळायलाच हवी. पैशा-दोन पैशांपेक्षा जास्त फरक आला तर कागद घेऊन फंडाच्या कार्यालयात जा आणि लेखी विचारा.

आमच्या मैत्रिणीचा आकडा जुळला. तिने कागदाच्या मागे पेन्सिलीने तो मोठ्याने वाचत लिहिला: भरलेले पैसे, मिळालेले युनिट आणि सरासरी. पुढच्या बैठकीला तुम्हीही तुमचा कागद आणा, आपण मिळून भागाकार करू.