कुलूप तुटल्याची खूण

आमच्या गटातल्या एका ताईंनी घरातल्या सामानाचा घरफोडी विमा काढला होता. लग्नाला जाताना किल्ली नेहमीसारखी तुळशीमागे ठेवली. चोराने तीच घेऊन दार उघडलं, शिलाई मशीन आणि टीव्ही नेला. कंपनीने दावा नाकारला. कुलूप, कडी किंवा कौलं फोडून आत शिरल्याची खूण हवी, असं पॉलिसीत लिहिलेलं होतं. आपल्यात ते वाचतं कोण! आणि नुसता आगीचा, पुराचा विमा असेल तर साधी चोरी त्यात बसतच नाही. घरफोडीचा वेगळा घ्यावा लागतो. किल्ली सोबतच न्या. कडी तुटलीच, तर पोलिसांत तक्रार द्या, कंपनीला लगेच कळवा. पंचनामा होऊन सर्व्हेअर बघेपर्यंत तुटकी कडी फेकू नका.