पोटावरची पिशवी : घरी जाण्याआधीचे पाच दिवस

(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

मी तुमच्यापैकीच एक. इंदूरला राज्य शासनाच्या नोकरीत, शस्त्रक्रिया विभागात नर्सिंगचे काम करतो. वॉर्डात मला सगळे ‘ब्रदर’ म्हणतात. आजचा विषय प्रसादाच्या आधी बोलण्यासारखा नाही असे कुणाला वाटेल. पण गेल्या वर्षी आपल्याच एका काकांनी याच विषयापायी आरतीला येणे बंद केले होते, म्हणून बोलतो.

काकांचे वय ६२. गुदाशयाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले. खालचा भाग काढावा लागला, तेव्हा मोठ्या आतड्याचे टोक पोटाच्या डाव्या बाजूला, त्वचेच्या बाहेर काढून शिवले. याला कोलोस्टोमी म्हणतात आणि पोटावर दिसणाऱ्या त्या लाल तोंडाला स्टोमा. शौच तिथूनच होते आणि पिशवीत जमते. स्टोमाला स्नायूंची झडप नसते, त्यामुळे शौच थांबवून धरता येत नाही.

अशा रुग्णाला घरी सोडण्याआधी आम्ही साधारण पाच दिवस शिकवतो. पहिल्या दिवशी फक्त बघायचे. निरोगी स्टोमा ओठांच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि ओलसर असतो. पुसताना रक्ताचा एखादा ठिपका आला तर घाबरायचे नाही. मात्र रंग जांभळा किंवा काळा पडला तर लगेच रुग्णालय गाठायचे. आणखी एक गोष्ट, त्याला वेदना कळत नाहीत. पिशवीची कड रुतून जखम झाली तरी दुखत नाही, म्हणून रोज डोळ्यांनीच बघावे लागते.

दुसऱ्या दिवशी पिशवी रिकामी करणे. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. जास्त भरली की वजनाने खाली ओढते आणि चिकटपट्टी सुटते. कमोडवर बसायचे, पाण्यावर कागदाचा तुकडा टाकायचा म्हणजे शिंतोडे उडत नाहीत, मग खालचे तोंड उघडायचे. शेवटी ते तोंड आतून-बाहेरून पुसून घट्ट बंद करायचे. काकांच्या तक्रारीतला निम्मा वास या न पुसलेल्या तोंडाचाच होता. नीट बसलेल्या पिशवीतून वास बाहेर येत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही पिशवी बदलतो आणि रुग्ण बघतो. चौथ्या दिवशी तो बदलतो आणि आम्ही बघतो. पाचव्या दिवशी आहार आणि सामानाची पिशवी.

बदलायची वेळ सकाळची, चहा-नाश्त्याच्या आधी. तेव्हा आतडे शांत असते. त्वचेला चिकटणाऱ्या चकतीला आम्ही प्लेट म्हणतो. ती साधारण तीन-चार दिवस टिकते, पण खाली खाज किंवा जळजळ सुरू झाली की त्याच दिवशी बदलायची. एका हाताने त्वचा दाबून धरायची आणि ओल्या कपड्याने भिजवत प्लेट वरून खाली हळूहळू सोडवायची, ओरबाडायची नाही. कोमट साध्या पाण्याने धुवायचे आणि टिपून अगदी कोरडे करायचे. मग मापाच्या कार्डाने स्टोमा मोजायचा. प्लेटला त्याहून दोन-तीन मिलिमीटरच मोठे भोक कापायचे. कापलेली कड बोटाने गुळगुळीत करायची, प्लेट तळहातात धरून गरम करायची, लावायची आणि वरून मिनिटभर हात ठेवायचा. हाताच्या उबेने ती नीट चिकटते.

हे सगळे आम्ही काकांच्या वेळीही शिकवले, पण काकूंना. काका मान वळवून खिडकीकडे बघत असत आणि मीही आग्रह धरला नाही. काकूंनी सुंदर बदलून दाखवली, मी कागदावर ‘शिकवले’ अशी खूण केली आणि रजा मिळाली. ही माझी चूक.

तिसऱ्या आठवड्यात काका परत आले. प्लेट दिवसातून दोनदा सुटत होती, त्वचा सोललेली, लालभडक. काकू लेकीच्या बाळंतपणाला वडोदऱ्याला गेल्या होत्या. जाताना त्यांनी रजेच्या दिवशीच्या मापाने आठ प्लेटा कापून ठेवल्या होत्या. तेव्हा स्टोमा ४५ मिलिमीटर होता आणि भोक ४८ चे. ऑपरेशनची सूज सहा-आठ आठवडे उतरत राहते, हे मी त्यांना ठासून सांगितले नव्हते. मी मोजले तर स्टोमा ३४ चा झालेला. म्हणजे चारी बाजूंनी सात मिलिमीटर त्वचा उघडी, आणि त्यावर सतत शौच. जळणारच. त्यात आग थांबावी म्हणून काकांनी खोबरेल तेल लावले. तेलावर प्लेट चिकटत नाही, ती सुटते, पुन्हा गळते, पुन्हा आग.

उपाय साधा होता. तेल धुऊन काढले, सोललेल्या जागी स्टोमाची खास पावडर भुरभुरून जास्तीची झटकली आणि ३७ चे भोक कापून नवी प्लेट लावली. पण यावेळी कात्री काकांच्या हातात दिली. हात थरथरले, पहिली प्लेट वाया गेली, दुसरी बसली. आठवड्यात त्वचा सुधारली. तेव्हापासून माझा नियम असा की, रुग्णाने स्वतः दोनदा बदलून दाखवल्याशिवाय मी ‘शिकवले’ लिहीत नाही. घरचे माणूस दुसरे, पहिला तो स्वतः. आणि पहिले दोन महिने दर आठवड्याला माप.

आता जेवण. पहिले सहा-आठ आठवडे मऊ भात, वरण, ताक, पोळी, शिजलेला दुधी, थोडे थोडे पण वेळेवर. नवा पदार्थ एका वेळी एकच, आणि दोन-तीन दिवस बघायचे. म्हणजे त्रास कशाचा ते कळते. कोबी, फ्लॉवर, राजमा, कच्चा कांदा, सोडा यांनी गॅस होतो. अंडी, मासे, लसूण यांनी वास वाढतो. बंदी नाही, पण लग्नाला जायचे त्याच्या आदल्या दिवशी नको. पोहे चालतात, त्यावरची शेव आणि कच्चा कांदा थोडे दिवस बाजूला. शौच पातळ झाले तर भात, केळे, साबुदाणा. घट्ट झाले तर पाणी वाढवा, दिवसाला आठ-दहा ग्लास, डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितले नसेल तर. बीट खाल्ले की पिशवीत लाल दिसते, ते रक्त नव्हे.

काकांनी गॅस टाळायला जेवणच सोडायला सुरुवात केली होती, वर एकादशीचा कडक उपास. रिकाम्या पोटी गॅस उलट वाढतो. कॅन्सरच्या उपचारात शरीराला अन्न हवे असते, तेव्हा हा उपास नकोच. पोट फुगले, दुखू लागले, उलट्या झाल्या आणि पिशवीत काहीच येत नसेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, रुग्णालयात या.

काकांनी मला शेवटी जे विचारायचे होते ते विचारले : “या अवस्थेत गणपतीला हात लावू का?” मी म्हटले, “काका, तुमच्या-माझ्या पोटात तेच आहे. तुमचे बंद पिशवीत आहे, एवढाच फरक.” पिशवी लावून आंघोळ करता येते, मांडी घालून बसता येते. फक्त दोन-तीन महिने जड उचलायचे नाही, नाहीतर स्टोमाशेजारी हर्निया होऊ शकतो. तेव्हा मूर्ती उचलायला मुलगा, पूजेला काका.

यंदा ते दुसऱ्या रांगेत बसले आहेत. कोण ते सांगणार नाही, आणि तुम्हाला ओळखूही येणार नाही. गणपती बाप्पा मोरया!