एक डॉलर, पण कोणत्या बाजारातला?

अध्यक्षपदावरून क्रिप्टो बाजाराच्या भवितव्यावर बोलावं, असं संयोजकांनी सुचवलं होतं. ते काम मी आनंदानं इतरांवर सोपवतो. आपल्यातले बरेच जण रोज ज्या कामात हात घालतात, त्याबद्दलच मला बोलायचं आहे. ते काम म्हणजे स्टेबलकॉइन आपल्या पेगवरून सुटला की वाजणारा अलर्ट. तो काय मोजतो आणि कुणासाठी वाजतो?

दोन शनिवार समोर ठेवतो. दोन्ही भारतीय घड्याळाप्रमाणे.

पहिला ११ मार्च २०२३ चा. आदल्या दिवशी अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली होती. यूएसडीसी काढणाऱ्या सर्कल कंपनीनं जाहीर केलं, की सुमारे ४,००० कोटी डॉलरच्या गंगाजळीपैकी ३३० कोटी डॉलर त्या बँकेत अडकले आहेत. त्या दिवशी यूएसडीसी ०.८८ डॉलरच्या आसपास घसरला, आणि तोही जवळपास सगळीकडे.

दुसरा ११ ऑक्टोबर २०२५ चा. अमेरिकेनं चीनवर नवं आयातशुल्क लावण्याची घोषणा केल्यावर सगळा बाजार कोसळत होता. पहाटे तीननंतर इथेना कंपनीचा यूएसडीई बायनान्सवर ०.६५ डॉलरपर्यंत खाली गेला. त्याच वेळी कर्व्हवर, म्हणजे जिथं या नाण्याची मोठी उलाढाल होते तिथं, तो पेगपासून एक टक्काही ढळला नव्हता. बायबिटवर काही काळ घसरण दिसली, पण ती बायनान्सच्या जवळपासही नव्हती.

‘किंमत ०.९९ च्या खाली गेली की घंटा वाजवा’ असा साधा नियम लावला, तर दोन्ही शनिवारी एकच घंटा वाजते. माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. पहिल्या दिवशी नाण्यामागच्या पैशाबद्दल शंका होती. दुसऱ्या दिवशी एका बाजारात मालाची ये-जा थांबली होती. लासलगावात कांदा पडला आणि वाशीत भाव टिकून राहिला, तर व्यापारी आधी ट्रक कुठं अडकलेत ते विचारतो. कांदा सडला असं लगेच म्हणत नाही.

बायनान्सवर ट्रक कुठं अडकले, ते नीट पाहू. दोन बाजारांतल्या किमती सारख्या राहतात त्या मार्केट मेकर्समुळे. स्वस्त तिथं घ्यायचं, महाग तिथं विकायचं, नाहीतर मूळ कंपनीकडे परत देऊन डॉलर सोडवायचा. त्या पहाटे बायनान्सच्या यंत्रणेवर ताण आला होता, पैसे आत-बाहेर करणं अडखळत होतं. इथेनाकडे यूएसडीई परत देण्याची सोय चालू होती, पण बायनान्सवरचं नाणं तिथवर पोहोचवायचं कसं? खरेदीदार आटले. त्यात यूएसडीई तिथं कर्जाला तारण म्हणून चालत होता, आणि तारणाचं मोल ठरत होतं बायनान्सच्या स्वतःच्या ऑर्डर बुकवरून. किंमत पडली की तारण अपुरं, तारण अपुरं की सक्तीची विक्री, विक्रीनं किंमत आणखी खाली. पुढं बायनान्सनं यूएसडीईसह तीन नाण्यांच्या तारणापायी नुकसान झालेल्यांना सुमारे २८.३ कोटी डॉलर भरपाई दिली आणि मोल ठरवण्याची पद्धतही बदलली.

आता आपल्या अलर्टकडे येऊ. समजा, आपण पाच ठिकाणच्या किमती घेतो. चार ठिकाणी ०.९९ आणि एका ठिकाणी ०.६५. सरासरी काढली तर ०.९२२ येते. ही किंमत पाचांपैकी एकाही बाजारात नाही, तरी घंटा वाजते. म्हणून आपण सगळे मध्यक वापरतो, तो ०.९९ देतो आणि शांत राहतो. पाठ्यपुस्तकाप्रमाणे हे बरोबर आहे. पण ज्याचं तारण त्या पाचव्या बाजारात पडून आहे, त्याच्यासाठी हाच मध्यक घातक. त्याचं लिक्विडेशन होत असताना आपली पाटी हिरवी दिसते.

माझ्या मते अलर्टमध्ये निदान दोन आकडे वेगवेगळे हवेत. पहिला मध्यक, म्हणजे नाण्याची तब्येत. दुसरा प्रत्येक बाजाराचं मध्यकापासूनचं अंतर, म्हणजे त्या बाजाराची तब्येत. पहिला हलला तर नाणं धरून बसलेल्या सगळ्यांना उठवा. फक्त दुसरा हलला तर त्या बाजारात तारण ठेवलेल्यांना उठवा, आणि त्याच संदेशात तिथं जमा करणं नि काढून घेणं चालू आहे की बंद, तेही लिहा. बहुतेक मोठी एक्स्चेंज ही माहिती एपीआयवर देतात. आपण ती फारशी वाचत नाही, एवढंच.

मोजपट्टीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण मार्च २०२३ मध्ये अनेकांचे अलर्ट इथं चुकले. पुष्कळ एक्स्चेंजवर डॉलरची जोडी नसते, `USDC/USDT` असते. त्या दिवशी भेदरलेला पैसा यूएसडीटीकडे धावला आणि तोच एक डॉलरच्या वर गेला. जोडी ०.८७ दाखवत असेल आणि यूएसडीटी १.०१ डॉलरला असेल, तर यूएसडीसीची डॉलरमधली किंमत ०.८७ गुणिले १.०१, म्हणजे सुमारे ०.८७९ होते. गुणाकार केला नाही तर घसरण फुगते. डायच्या बाबतीत उलटं झालं. डायच्या तारणात यूएसडीसीचा मोठा वाटा असल्यानं दोघे हातात हात घालून खाली आले, आणि ज्यानं यूएसडीसीचा भाव फक्त डायमध्ये मोजला त्याला खरी घसरण दिसलीच नाही. आपल्याकडच्या रुपयातल्या किमतीही मध्यकात घालू नयेत. इथं यूएसडीटी अनेकदा बँकेच्या डॉलर-दरापेक्षा चढ्या भावानं विकला जातो. त्यात इथली मागणी आणि पैसे हलवण्याची अडचण मिसळलेली असते, पेग नव्हे.

आणखी एक. शेवटच्या सौद्याची किंमत ही किंमत नव्हे. एक लाख डॉलरचा माल विकायला काढला तर ऑर्डर बुकमध्ये सरासरी काय भाव पडेल, तो मोजा. आणि आकड्यावर वेळेचा शिक्का नसेल तर तो आकडा फेकून द्या. कोसळत्या बाजारात आधी अडखळतात ते एपीआय, आणि गोठलेला ०.९९९ फार निरोगी दिसतो.

पण मध्यक खरोखरच हलला तर? पुन्हा त्या मार्चकडे जाऊ. ३३० कोटी पूर्ण बुडाले असं धरलं तरी ४,००० कोटींतले सव्वाआठ टक्केच गेले असते. हिशेबानं नाणं ०.९२ च्या जवळ थांबायला हवं होतं. ते त्याखाली गेलं, कारण शनिवार-रविवार बँका बंद होत्या. कॉइनबेसनं यूएसडीसीचं डॉलरमधलं रूपांतर सोमवारपर्यंत थांबवलं होतं. शिवाय कॉइनबेसवर एक यूएसडीसी म्हणजे एक डॉलर असंच धरलं जाई. तो आकडा मध्यकात घेणाऱ्याच्या हिशेबात एक ठाम, पण पोकळ ‘१’ बसलेला होता. रविवारी अमेरिकी सरकारनं ठेवीदारांना पूर्ण पैसे मिळतील असं सांगितलं आणि सोमवारी किंमत डॉलरच्या जवळ परतली. म्हणजे इथंही सुटकेचं दार उघडं की बंद, हे किमतीइतकंच महत्त्वाचं होतं.

उंबरठा अर्धा टक्का ठेवावा की एक, पाच मिनिटं थांबावं की दहा, यावर आज दुपारच्या सत्रात वाद होईल, तो जरूर व्हावा. माझी सूचना एवढीच, की वाद सुरू करण्याआधी प्रत्येकानं आपला नियम या दोन शनिवारांच्या नोंदींवर चालवून आणावा. दोन्ही दिवशी शब्दशः एकच संदेश पाठवणारा नियम दुपारच्या यादीतून आधीच काढून टाकू.