‘बाजूला काढून ठेवा’ आणि ‘घरी विचारून येते’

अहिल्यानगरच्या कापड बाजारात गिऱ्हाईक दोन वाक्यं हमखास बोलतं: ‘हे बाजूला काढून ठेवा’ आणि ‘घरी विचारून येते’. बुटीक चालवणाऱ्या बाईंना इन्स्टाग्रामवर हीच दोन वाक्यं आकड्यांत दिसतात. सेव्ह म्हणजे पहिलं, शेअर म्हणजे दुसरं. खातं प्रोफेशनल केलं की त्यानंतरच्या प्रत्येक पोस्टखाली इनसाइट्स उघडतात. कोणी सेव्ह केलं हे तिथे कळत नाही, किती जणांनी केलं एवढंच कळतं. माझं म्हणणं असं की हे आकडे जसेच्या तसे वाचू नयेत. पोस्ट किती जणांपर्यंत पोचली, म्हणजे रीच, त्याने भागून वाचावेत.

एक हिशेब मांडू. समजा, नवरात्राआधी एक रील टाकली: तयार ब्लाउज घालून मुलगी गिरकी घेते. रीच ४,०००, सेव्ह २०, शेअर ६०. त्याच आठवड्यात सहा फोटोंची कॅरोसेल टाकली. प्रत्येक फोटोत पाठीच्या गळ्याचा एक प्रकार आणि खाली लिहिलेलं: गळा आठ इंच खोल, बाही दहा इंच. रीच ८००, सेव्ह ३२, शेअर ८. रीच आणि शेअरचे नुसते आकडे पाहिले तर रील सरस वाटते. भागाकार केला की रीलचे सेव्ह शंभरी अर्धा आणि कॅरोसेलचे चार, म्हणजे आठपट. शेअरमध्ये मात्र रील दीड, कॅरोसेल एक. कारण उघड आहे. मापं शिंप्याला दाखवायला पुन्हा लागतात म्हणून ती जपून ठेवली जातात. गिरकी बहिणीला लगेच पाठवावीशी वाटते. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी २०२५च्या जानेवारीत रीचच्या प्रमाणात होणारे शेअर हा नव्या लोकांपर्यंत पोचण्याचा महत्त्वाचा निकष सांगितला होता. म्हणून अनोळखी गिऱ्हाइकासाठी रील, ठरवू पाहणाऱ्यासाठी कॅरोसेल.

यावर कोणी म्हणेल, फरक विषयाचा असेल, प्रकाराचा नव्हे. आक्षेप रास्त आहे. तो तपासायचा तर तेच सहा गळे एकदा रीलमध्ये आणि एकदा कॅरोसेलमध्ये, त्याच वारी, त्याच वेळी टाकावेत आणि दोन्हींचे आकडे सात दिवसांनी घ्यावेत. एका जोडीवर निकाल देऊ नये. आठ शेअर एकाच लग्नघरातले असू शकतात. चार-पाच जोड्यांत कल तोच राहिला तरच तो खरा मानावा. दुसरा आक्षेप, सेव्हने गल्ला भरत नाही. बरोबर, शिवाय कित्येक जणी स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअॅपवर पाठवतात, तो ना सेव्हमध्ये मोजला जातो ना शेअरमध्ये. म्हणून ऑर्डरवहीत एक रकाना वाढवावा: ‘कोणता फोटो दाखवला?’ इनसाइट्समध्ये बाजूला काढलेला गळा त्या रकान्यात उतरतो का, हे पाहिल्यावरच पुढच्या महिन्याचे फोटो ठरवावेत.