सगळंच 'फेक' म्हणणाऱ्याला पैकीच्या पैकी नकोत

नववीच्या मुलांना खोटे मेसेज ओळखायला शिकवायचं, तर धडा कसा बांधायचा? मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे सुरुवात टेस्टिंगपासून करतो.

समजा, वर्गात दहा मेसेज दिले आणि दहाही खोटेच निघाले. आता जो पोरगा डोळे मिटून 'फेक, फेक' म्हणत सुटेल, त्याला दहापैकी दहा! तो संशय घ्यायला शिकला, तपासायला नाही. म्हणून पाच खरे, पाच खोटे ठेवायचे. आणि गणिताच्या तासाला चुका दोन रकान्यांत मोजायच्या: किती खोटे खरे मानले आणि किती खरे खोटे ठरवले. दुसरा रकाना फुगला, तर आपला धडाच चुकतोय.

प्रश्न मात्र सगळ्या विषयांत तेच तीन: हे सांगतंय कोण? पुरावा काय? बाकीचे काय म्हणतात?

मराठीच्या तासाला एक व्हिडिओ घ्या. मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. मूळ व्हिडिओ कराचीतल्या जनजागृतीचा. त्यात शेवटी ते मुलाला परत आणून सोडतात आणि सावध राहा असा फलक दाखवतात. आपल्याकडे फिरला तो शेवट कापून. 'मुलं पळवणारी टोळी' या अफवेच्या त्याच लाटेत 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला जमावानं पाच निरपराध माणसांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून जगणारे होते. मुलांना आधी कापलेला व्हिडिओ सांगा, मग पूर्ण. शेवट बदलला की अर्थ कसा उलटतो, हे त्यांचं त्यांनाच लिहू द्या.

विज्ञानाच्या तासाला उलटं करा. 'लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं' असं सांगून फोटो दाखवा. बरीच मुलं म्हणतील, फोटोशॉप! पण जून 2020 मध्ये हे खरंच घडलं. पाणी कमी होऊन खारेपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या, रंगद्रव्य असलेल्या सूक्ष्मजीवांमुळे रंग बदलला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले होते. 'विचित्र दिसतंय' हा पुरावा नव्हे, हे इथे कळतं.

शाळेत फोन चालत नसतील, तर शोधून मिळालेल्या बातम्यांच्या झेरॉक्स वाटा.

एक अडचण उरतेच. ताज्या घटनेवर अजून कुणीच काही तपासलेलं नसतं. त्यासाठी 'अजून कळत नाही' हे तिसरं उत्तर ठेवा. काय शोधलं, काय सापडलं नाही, हे लिहिलं तरच त्याला मार्क. आणि असा मेसेज? तो पुढे पाठवायचा नाही, बस्स.